टोकन देण्याआधी बेडरूमची रेंज बघा

साताऱ्यात शाहूनगरला भाचीसाठी फ्लॅट बघायला गेलो, तर एजंट हॉलच्या खिडकीत उभा राहून म्हणाला, "रेंजचं टेन्शनच नाही साहेब, बघा की, फुल्ल काड्या." फुल्लच होत्या. पण खिडकीतली रेंज रस्त्याची असते, घराची नाही. मागच्या वेळी मी अशाच खिडकीला फसलो आणि कराराचे 11 महिने ऑफिसचे सगळे फोन बाल्कनीत उभा राहून घेतले.

म्हणून आता फ्लॅट बघायला जाताना फोन चार्ज करून न्यायचा आणि सोबत दुसऱ्या कंपनीचं सिम असलेलं कुणीतरी न्यायचं. आत शिरल्यावर आधी वायफाय बंद करा. काड्यांकडे बघूच नका, एकाच जागी दोन फोन वेगवेगळ्या काड्या दाखवतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या About phone मध्ये SIM status उघडलं की Signal strength पुढे `-97 dBm` असा आकडा दिसतो. काही फोनमध्ये हे पान थोडं आत दडलेलं असतं. आयफोनवर `*3001#12345#*` डायल केलं की Field Test उघडतं, त्यात RSRP हा आकडा बघायचा.

आकडा उणे आहे हे विसरू नका. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. 4जीवर उणे 90 च्या आसपास असेल तर काळजी नाही, उणे 105 पर्यंत काम भागतं, उणे 110 च्या पुढे आवाज तुटायला लागतो आणि 120 च्या जवळ फोन कधी लागतो, कधी नाही. यातले 10 गेले की सिग्नल दहापट कमी होतो. त्यामुळे 84 आणि 114 मधला फरक ऐकायला तीसचा वाटला, तरी तो हजारपटीचा असतो.

आता घरभर फिरा, पण घाईने नाही. आकडा लगेच बदलत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा. जिथे पलंग येणार तिथे फोन उशीच्या उंचीवर धरा, दार लावून घ्या आणि मग वाचा. शाहूनगरच्या त्या पहिल्या मजल्यावर खिडकीत उणे 84 होते, सोफ्याच्या जागी 93, स्वयंपाकघरात 101. मागच्या बेडरूममध्ये दार उघडं असताना 110, लावल्यावर 114. बाथरूममध्ये No service. कारण मागे गेल्यावर दिसलं. बेडरूमची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये उघडत होती, आणि मागच्या बाजूला अजिंक्यताऱ्याचा उतार कापून उभी केलेली भिंत. टॉवर समोरच्या बाजूला असावा, म्हणजे सिग्नल बेडरूमपर्यंत यायला तीन भिंती आणि आरसीसीचे कॉलम ओलांडणार. त्याच बेडरूममध्ये भाचीच्या मैत्रिणीचं दुसऱ्या कंपनीचं सिम मात्र 98 दाखवत होतं.

आकड्यानंतर खरी परीक्षा. त्याच जागी बसून बाहेरच्या कुणालातरी तुम्हाला फोन करायला सांगा. आपण लावलेला लागतो, पण येणारा "कव्हरेज क्षेत्राबाहेर" होतो, असं कडेच्या सिग्नलवर बरेचदा घडतं. लागला तर दोन मिनिटं बोला आणि बोलताना वरची 4जीची खूण टिकते का बघा. ती जाऊन 2जी आलं, तर बोलणं चालेल पण तेवढा वेळ नेट बंद.

दुसरी फेरी रात्री आठ-नऊला मारा. एजंट कुरकुरेल, कुरकुरू दे. आकडा दुपारचाच असेल पण व्हिडिओ अडकत असेल, तर दोष भिंतीचा नाही, टॉवरवरच्या गर्दीचा आहे, आणि खोली बदलून त्यावर उपाय होत नाही.

कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे साइटवर द्यावेत असा ट्रायचा दंडक 2024 पासून आहे. घर बघायला निघण्याआधी ते चाळा, पण नकाशा डक्टच्या बाजूची बेडरूम सांगत नाही.

आकडे वाईट आले आणि घर तरीही आवडलं, तर दोन वाटा आहेत. दुसऱ्या कंपनीचा आकडा बरा असेल तर नंबर पोर्ट करा, मात्र सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत. नाहीतर ब्रॉडबँड घेऊन वायफाय कॉलिंग सुरू करा, आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाईट गेली की फोनही गेला. दुकानात मिळणारा सिग्नल बूस्टर कुणी सुचवला तर नको म्हणा. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे आणि आजूबाजूच्यांची रेंज बिघडवतो.

भाचीचं काम घरूनच, तेही रात्रपाळीचं. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा, रस्त्याकडे बेडरूम असलेला फ्लॅट निघाला. भाडं हजारभर जास्त. तिथे पलंगाच्या जागी, दार लावून, उणे 92 आले, तेव्हा तिने टोकन दिलं.