कार्ड मशीनने दिलेला दोन अक्षरी कोड कसा वाचावा

कार्ड नाकारलं गेलं की स्क्रीनवर एकच शब्द झळकतो: डिक्लाइन्ड. या शब्दावरून काहीच ठरवता येत नाही. पुन्हा कार्ड लावायचं, दुसरं कार्ड काढायचं, थोडं थांबायचं की बँकेला फोन करायचा, हे ठरतं त्याच्या आसपास बारीक अक्षरात छापलेल्या `05`, `51` किंवा `91` अशा कोडवरून. हा कोड बहुतेक वेळा कार्ड देणारी बँक दुकानाच्या मशीनसाठी लिहिते, ग्राहकासाठी नाही. म्हणून तो इतका कोरडा असतो आणि काही वेळा मुद्दामच कमी सांगतो.

आधी कोड शोधा, मग त्याच्या शेजारी पाहा

मशीन विचारणा पाठवतं. ती दुकानाच्या बँकेकडे, तिथून कार्ड नेटवर्ककडे आणि शेवटी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. या निरोपांचा साचा आयएसओ ८५८३ या मानकाने ठरवलेला आहे. १९८७ साली आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतला दोन अक्षरी कोड आजही बहुतेक ठिकाणी चालतो. उत्तराच्या निरोपात तो ३९ क्रमांकाच्या रकान्यात असतो. ४,७५० रकमेचा नाकारलेला व्यवहार आतून साधारण असा दिसतो (मोजकेच रकाने दाखवले आहेत):

```
MTI  0110
F4   000000475000
F11  004217
F39  05
```

`0110` म्हणजे परवानगीच्या विचारणेला आलेलं उत्तर. रकमेतले शेवटचे दोन आकडे दशांशाचे असतात, म्हणून ती शंभरपट मोठी दिसते. F11 हा मशीनने त्या विचारणेला दिलेला अनुक्रमांक. व्यवहार मंजूर झाला असता तर F39 मध्ये `00` आला असता आणि सोबत F38 मध्ये सहा अक्षरांचा मंजुरी क्रमांक. स्लिपवर हा क्रमांक छापलेला नसेल, तर मंजुरी मिळाली असं धरू नका, स्क्रीनवर काहीही दिसलेलं असो.

`10` मात्र फसवा आहे. तो मंजुरीचाच कोड आहे, पण मागितलेल्यापेक्षा कमी रकमेच्या मंजुरीचा. प्रीपेड आणि गिफ्ट कार्डांवर तो दिसतो. गडबडीत कॅशियर ‘अप्रूव्ह्ड’ एवढंच वाचतो आणि उरलेली रक्कम घ्यायची राहून जाते. म्हणून मंजुरीच्या स्लिपवरही रक्कम एकदा बघून घ्यावी.

उपाय कोणाच्या हातात आहे ते ओळखा

कोडची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. नकार आला की एवढंच विचारायचं: हा अडथळा दूर करणं कोणाला जमेल?

काही गोष्टी ग्राहक तिथल्या तिथे सुधारू शकतो. `55` म्हणजे पिन चुकला आणि `14` म्हणजे कार्ड क्रमांक चुकीचा. ऑनलाइन पैसे भरताना `14` बहुधा टायपिंगची चूक असते. `54` म्हणजे कार्डाची मुदत संपली किंवा मुदतीची तारीख चुकीची टाकली. `51` म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत किंवा क्रेडिट कार्डाची मर्यादा पुरत नाही. `61` मध्ये पैसे असतात, पण ठरवून दिलेली रकमेची मर्यादा ओलांडलेली असते. `51` आला तर खात्यात पैसे टाका, `61` आला तर बँकेच्या ॲपमधली मर्यादा वाढवा. `61` साठी खात्यात भर घालून उपयोग नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. `57` आला तर कार्डावर तो प्रकारच बंद असू शकतो, उदाहरणार्थ ऑनलाइन किंवा परदेशातला वापर. `75` म्हणजे चुकीच्या पिनचे प्रयत्न संपले. आता बरोबर पिन आठवला तरी मशीनसमोर उभं राहून काही होणार नाही.

काही वेळा दोष दुकानाच्या बाजूला असतो. `03` आणि `58` हे दुकानाच्या किंवा मशीनच्या नोंदणीबद्दल बोलतात, आणि `30` म्हणजे निरोपाचा साचाच बिघडलेला. इथे ग्राहकाने तीन कार्डं बदलली तरी फरक पडत नाही. दुकानदाराने आपल्या बँकेला कळवायला हवं.

`91` आणि `96` हे खरं तर नकार नव्हेतच. `91` म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उत्तरच देत नाही. हा कोड बहुधा वाटेतल्या नेटवर्कने लिहिलेला असतो. `96` म्हणजे यंत्रणेतला बिघाड. कार्डात किंवा खात्यात काही खोट नाही. काही मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही.

`04`, `41` आणि `43` मध्ये मात्र पुन्हा प्रयत्न करायचाच नाही. पहिल्याचा अर्थ कार्ड ताब्यात घ्या, दुसऱ्याचा हरवलेलं आणि तिसऱ्याचा चोरीचं. म्हणून काउंटरवर झटापट करायला कोणी सांगितलेलं नाही. व्यवहार थांबवायचा आणि आपल्या बँकेच्या सूचनेप्रमाणे वागायचं.

`05` आला तर बँकेला नेमकं काय विचारायचं

सगळ्यांत जास्त डोकं खाणारा कोड हाच. इंग्रजी यादीत त्याचं नाव ‘डू नॉट ऑनर’ असं आहे, म्हणजे व्यवहार मान्य करू नका. का, ते सांगितलेलं नसतं. धोक्याच्या नियमात अडकलेला व्यवहार, खात्यावरची बंधनं, कधी कधी नुसतं कारण उघड करायचं नाही म्हणून, असं बरंच काही बँका `05` च्या मागे टाकून देतात. ही सवय मला आवडत नाही, कारण प्रामाणिक ग्राहक ताटकळतो. पण चोरीचं कार्ड चालवून पाहणाऱ्याला कारण सांगू नये, हेही खरं.

वरचाच ४,७५० चा व्यवहार घ्या. `05` आला. कॅशियर लागोपाठ तीनदा कार्ड लावतो. नियमाने संशयास्पद ठरवलेला व्यवहार पाठोपाठ तीनदा आला की संशय वाढतोच, आणि चौथ्या वेळी कोड बदलून `65` होऊ शकतो, म्हणजे वापराच्या संख्येची मर्यादाही संपली. आता मूळ अडचण सुटली तरी ही नवी उरते. त्यापेक्षा पहिल्याच `05` नंतर ग्राहकाने कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. ‘माझं कार्ड का चालत नाही?’ असं मोघम न विचारता असं विचारावं: ‘आत्ता पाच मिनिटांपूर्वी ४,७५० ची विचारणा तुमच्याकडे आली का? आली असेल तर तुमच्याकडे कोणतं कारण नोंदलं आहे?’

या प्रश्नाची दोन उत्तरं असू शकतात. ‘आली होती, आमच्या सुरक्षा नियमाने अडवली’ असं कळलं तर ओळख पटवून ते बंधन काढून घेता येतं, आणि पुढच्या प्रयत्नाला `00` व मंजुरी क्रमांक येतो. ‘अशी विचारणा आमच्यापर्यंत आलीच नाही’ असं उत्तर आलं, तर नकार वाटेतच कुठेतरी तयार झालेला आहे. मग कार्डाची बँक काही करू शकत नाही. दुकानाच्या बाजूने शोध घ्यावा लागतो. एक बारकावा असा की बँक उत्तर देत नसेल तेव्हा नेटवर्क तिच्या वतीने, तिनेच आधी ठरवून दिलेल्या नियमांनी, निर्णय देऊ शकतं. अशा वेळी बँकेकडची नोंद थोड्या उशिरा दिसते.

`01`: बँकेला विचारा, पण कोणत्या क्रमांकावर?

`01` म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेशी संपर्क साधा. हा पूर्ण नकार नाही. बँक म्हणते, मशीनवर उत्तर देणार नाही, माणसाशी बोलू द्या. यात फोन दुकानदाराने करायचा असतो, ग्राहकाने नाही. आता अनेक ठिकाणी मशीन `01` ला सरळ नकारच मानतं, आणि ऑनलाइन खरेदीत फोन करायला समोर कोणी नसतंच. तिथे दुसरं कार्ड वापरणं हाच सोपा मार्ग.

जिथे फोनवर मंजुरी घेण्याची सोय आहे, तिथे दुकानदाराने आपल्या बँकेने दिलेल्या मंजुरी केंद्राच्या क्रमांकावर फोन करायचा, कार्ड आणि रकमेचा तपशील द्यायचा, केंद्राने सांगितलेला मंजुरी क्रमांक लिहून घ्यायचा आणि मशीनमध्ये त्यासाठी असलेल्या पर्यायातून तो टाकायचा. ग्राहकावर संशय असेल तर ‘कोड १०’ एवढंच म्हणायचं. पलीकडचा माणूस मग हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारतो. (या ‘कोड १०’ चा वर सांगितलेल्या अर्धवट मंजुरीच्या `10` शी काही संबंध नाही.)

फसवणुकीची जागाही हीच. ग्राहक म्हणतो, ‘थांबा, मी माझ्या बँकेशी बोलतो,’ स्वतःच्या मोबाइलवर बोलल्यासारखं करतो आणि सहा आकडे सांगतो. कॅशियर ते मशीनमध्ये टाकतो आणि स्लिप निघते. पण या पर्यायात मशीन तो क्रमांक खरा की खोटा हे बँकेला विचारत नाही, कॅशियरवर विश्वास ठेवतं. काही आठवड्यांनी दावा परत येतो, माल गेलेला असतो आणि रक्कम दुकानदाराच्या अंगावर पडते. म्हणून ग्राहकाच्या तोंडून आलेला मंजुरी क्रमांक कधीच टाकू नये, आणि त्याने दिलेल्या क्रमांकावर फोनही करू नये.

नकार आला, तरी पैसे अडकले

असं दोन प्रकारे होतं. बँकेने `00` पाठवला पण तो मशीनपर्यंत वेळेत पोहोचला नाही. किंवा `00` पोहोचला, पण कार्डावरच्या चिपने शेवटच्या तपासणीत नकार दिला. चिपला तो अधिकार असतो. दोन्ही वेळा बँकेच्या बाजूला रक्कम राखून ठेवलेली असते आणि दुकानात मात्र व्यवहार झालेला नसतो. मशीनने यानंतर रद्द करण्याचा निरोप पाठवायचा असतो. तो गेला की रक्कम मोकळी होते. तो वाटेत हरवला तर राखीव रक्कम मुदत संपेपर्यंत तशीच दिसत राहते.

म्हणून नाकारलेल्या व्यवहाराची स्लिपही फेकू नका. तिच्यावर आरआरएन नावाचा बारा अक्षरी संदर्भ क्रमांक असतो. बँकेत तो सांगून विचारा: ‘या आरआरएनची रक्कम फक्त राखून ठेवली आहे, की खात्यातून खरोखर वजा झाली आहे?’ राखून ठेवली असेल तर ती सुटेपर्यंत वाट पाहायची. वजा झाली असेल तर त्याच आरआरएनवर लेखी तक्रार नोंदवायची.