दुचाकीचा किलोमीटरमागे खरा खर्च कसा काढावा

पेट्रोलचा भाव भागिले ॲव्हरेज, एवढ्यावर ‘मला दोन रुपयांत किलोमीटर पडतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो फक्त पेट्रोलचा खर्च झाला. पावसहून रत्नागिरीला रोज कामाला येणाऱ्या, १२५ सीसीच्या एका मोटरसायकलचा हिशेब इथे धरू: येऊन-जाऊन ४० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर. खालचे भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बिलातले घाला.

पेट्रोलचं काम सोपं आहे. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं लागोपाठ तीनदा करून सरासरी घ्या. डिस्प्लेवर दिसणारं ॲव्हरेज हिशेबात धरू नका. आपल्या गाडीला ५० चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला २१० पैसे.

सर्व्हिसिंगही सोपं. ऑइल, फिल्टर, मजुरी मिळून १,००० रुपये आणि दर ३,००० किलोमीटरला एकदा, म्हणजे ३३ पैसे.

खरी गडबड टायरपाशी होते. ‘महिन्याचा खर्च वहीत लिहा आणि महिन्याच्या किलोमीटरने भागा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो टाकाऊ आहे. टायर घातला त्या महिन्यात गाडी परवडेनाशी वाटते आणि पुढचं वर्षभर फुकट चालल्यासारखी. टायरची किंमत तो जितके किलोमीटर चालणार त्यानेच भागायची. पण चालणार किती? दुकानदाराचा अंदाज किंवा मित्राचा अनुभव इथे कामाचा नाही, कारण मित्र सपाटीवर एकटा फिरतो आणि तुम्ही मागे माणूस बसवून चढ-उतार करता. मोजायला हवं.

टायर नवा असताना मधल्या खाचेची खोली मोजून तारखेसह आणि मीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. बारीक पट्टी खाचेत उभी धरली तरी चालतं. समजा मागच्या टायरची खाच ६ मिलिमीटर होती आणि ८,००० किलोमीटरनंतर ४ उरली. म्हणजे एक मिलिमीटर रबर ४,००० किलोमीटर पुरतं. खाचेच्या तळाशी एक बुटकी आडवी पट्टी असते. रबर झिजून तिच्या पातळीला आलं की टायर संपला. पट्टी एक मिलिमीटरची धरली, तर कागदोपत्री हा टायर २०,००० किलोमीटर जाईल.

मी मात्र हिशेब २ मिलिमीटरवरच थांबवतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या, जांभ्याची लाल माती वाहून आलेल्या वळणावर अर्धा गोटा झालेला टायर नेणं म्हणजे पैसे वाचवणं नव्हे. त्यामुळे वापरायचं रबर ४ मिलिमीटर, आयुष्य १६,००० किलोमीटर. बसवणावळीसह टायर २,००० रुपयांचा, तर साडेबारा पैसे. पुढचा टायर सावकाश झिजतो, म्हणून तो वेगळा मोजा. १,६०० रुपयांत ३२,००० गेला तर ५ पैसे. मधल्यापेक्षा कडेचं रबर जास्त झिजलेलं दिसलं तर बहुधा हवा कमी राहते आहे. आधी हवा नीट करा आणि मग पुन्हा मोजा, नाहीतर आकडा फसवा निघेल.

चेन-स्प्रॉकेट १,४०० रुपयांत २०,००० किलोमीटर, म्हणजे ७ पैसे; ब्रेक शू ६०० रुपयांत १२,०००, म्हणजे ५ पैसे. इथवर बेरीज २७२ पैशांच्या वर गेली.

आता किनाऱ्यावरची खास बाब. काही गोष्टी गाडी फिरो न फिरो, दिवसांनी संपतात: विमा, पीयूसी, बॅटरी, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणारा सायलेन्सर व केबली. यांना किलोमीटरचं आयुष्य लावूच नका. वर्षाचा आकडा काढा आणि वर्षाच्या किलोमीटरने भागा. विमा-पीयूसी १,६००, तीन वर्षं टिकणाऱ्या १,५०० च्या बॅटरीचे वर्षाला ५००, गंजाचे ५००, एकूण २,६०० रुपये. १२,००० ने भागल्यावर जवळपास २२ पैसे. सगळं मिळून २ रुपये ९४ पैसे.

हीच गाडी वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरली तर त्या २२ पैशांचे ५२ होतात. ‘मी गाडी कमीच वापरतो, त्यामुळे स्वस्त पडते’ म्हणणाऱ्याचा किलोमीटर म्हणूनच महाग असतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते ती यात नाही; ऑफिसकडून प्रवासभत्ता मागायचा असेल तर विकत घेतलेली किंमत वजा विकून येणारी, भागिले मधले किलोमीटर, एवढं वर चढवा.

पेट्रोलचा भाव हलला तर सगळं पुन्हा मांडत बसू नका. ५० च्या ॲव्हरेजला लिटरमागे एक रुपया वाढला की किलोमीटरला २ पैसे वाढतात, बाकीचे आकडे तसेच राहतात.