काळ्या फरशीवरची रांगोळी : रंग निवडण्याची तयारी

कडप्प्याच्या किंवा काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीवर रांगोळी काढायची असेल, तर रंगांच्या पुड्या हातात घेण्याआधी फरशी पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी, कारण रंगांची पारख तिच्यावरच करायची आहे. पुडीत दिसणारा रंग फसवा असतो. तिथे त्याचा थर जाड असतो, तर फरशीवर पातळ थराच्या कणांमधून काळी जमीन डोकावते आणि रंग एकदम मंद होतो. म्हणून प्रत्येक रंगाची एकेक चिमूट, रांगोळीत भरतो तेवढ्याच पातळ थरात फरशीवर पसरावी आणि उभे राहून चार-पाच पावलांवरून पाहावी. त्या नमुन्यांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते कृष्णधवल करून पाहिले, तर निवड निम्म्याने सोपी होते. जे ठिपके फरशीत विरून गेले ते आहेत तसे वापरू नयेत, आणि जे दोन ठिपके एकाच राखाडी छटेचे दिसले ते शेजारीशेजारी भरू नयेत, मग ते रंग म्हणून कितीही वेगळे असोत. काळ्या जमिनीवर रंगाच्या नावापेक्षा त्याचा उजळपणा महत्त्वाचा, हे या छायाचित्रात लगेच कळते.

गर्द जांभळा, गडद निळा, तपकिरी आणि मरून हे बहुधा विरणाऱ्यांत निघतात. त्यांना बाद करण्याची गरज नाही, उजळ करून घ्यावे. मात्र प्रत्येकाला पांढरी रांगोळी मिसळणे हा एकच उपाय चालत नाही. जांभळ्यात पांढरी मिसळली की छान फिकट जांभळा मिळतो, निळ्याचा आकाशी होतो. पण हिरवा पांढऱ्याने खडूसारखा निस्तेज दिसतो, त्यात पिवळा मिसळून पोपटी करणे केव्हाही चांगले. लाल तर पांढऱ्याने लाल राहतच नाही, गुलाबी होतो. लालच हवा असेल, तर तो तसाच ठेवून त्याच्या कडेने पांढरी किंवा पिवळी रेघ ओढावी.

उदाहरणादाखल मी एकदा केलेली तीन फुटांची गोल रांगोळी घेऊ. मध्ये पिवळे वर्तुळ, त्याभोवती आठ केशरी पाकळ्या, मग जांभळा पट्टा आणि शेवटी गुलाबी कड, असा बेत होता. नमुना पाहिला तेव्हा जांभळा पट्टा उभ्याने जवळजवळ दिसेना. पाकळ्या आणि कड यांच्यामध्ये नुसते भगदाड पडल्यासारखे वाटत होते. एक वाटी जांभळ्यात दोन वाट्या पांढरी मिसळल्यावर पट्टा उठून आला, पण आता तो गुलाबीच्या इतका जवळ गेला की दोघांची सीमा पुसटली. शेवटी त्या दोघांमध्ये बोटभर फरशी उघडी ठेवली आणि प्रश्न सुटला. फरशीचा काळा हाही आपल्याकडचा एक रंग आहे, आणि तोही फुकटचा!

समतोलाचा विचार करताना एक गोष्ट आधीच हिशेबात घ्यावी, ती म्हणजे काळ्यावर उजळ भाग प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. कागदावर नेमके वाटणारे पिवळे वर्तुळ फरशीवर साऱ्या रांगोळीला गिळून टाकते, म्हणून ते थोडे लहान आखावे. पांढरी रेघही नेहमीपेक्षा बारीक पुरते. एक रंग सर्वांत जास्त जागेत, दुसरा त्याच्या निम्म्याने, आणि पिवळ्या-पांढऱ्यासारखा सर्वांत उजळ रंग थोड्याच जागी पण दोन-तीन ठिकाणी विखुरलेला ठेवला, तर नजर एकाच जागी अडकून राहत नाही. वरच्या रांगोळीत मधला पिवळा एकटा पडला होता, तो मी कडेवर आठ टिंबे देऊन बाहेरही नेला.

रांगोळी दिव्यांच्या उजेडात पाहिली जाणार असेल, तर नमुने त्याच उजेडात पुन्हा तपासावेत. पिवळसर प्रकाशात पांढरा आणि फिकट पिवळा यांतला फरक पुसला जातो, आणि निळा काळवंडतो. चकचकीत ग्रॅनाइटवर दिव्याचे प्रतिबिंब कुठे पडते तेही पाहून ठेवावे, कारण तेवढ्या जागी उघडी ठेवलेली फरशी काळी दिसत नाही, चमकते.

मिसळलेले रंग किती लागतील याचा अंदाज घेण्यासाठी एक वीत लांब-रुंद चौकोन भरून पाहावा, त्याला किती रंग लागला ते वाटीने मोजावे, आणि त्या हिशेबाने येईल त्यापेक्षा पाव हिस्सा जास्त रंग एकाच वेळी कालवून दोनदा चाळून घ्यावा. अर्ध्यावर रंग संपला, तर तीच छटा पुन्हा जमत नाही आणि काळ्या फरशीवर तो जोड लपत नाही.