वाल पेरण्याआधी भाताची धसकटे काढा : शहापूर, मुरबाड आणि भिवंडीच्या खाचरांसाठी

हळवे भात कापून झाले आहे, निमगरवे कापणीला आले आहे आणि खाचरातील ओल आता मोजक्या दिवसांची सोबती आहे. भारी जमिनीला एकदा भेगा पडू लागल्या की नांगर चालत नाही आणि वालाचा कोंबही वर येत नाही, त्यामुळे पुढच्या आठ-दहा दिवसांत जे होईल तेच खरे. या घाईत दरवर्षी एकच काम राहून जाते आणि त्याची किंमत पुढच्या भाद्रपदात, लोंब्या पांढऱ्या पडल्यावर कळते. ते काम म्हणजे भाताची धसकटे शेतात उभी न ठेवणे.

आपल्याकडे भातामागून वाल, हरभरा किंवा चवळी घेण्याची रीत जुनी आहे आणि ती उत्तम आहे. लोंब्या पांढऱ्या पाडणारा पिवळा खोडकिडा जवळजवळ केवळ भातावरच जगतो. वालावर त्याला खायला काही मिळत नाही, म्हणून पिकाची फेरपालट केली की किडीची साखळी तुटते, असे आपण गृहीत धरतो. मात्र कापणीच्या वेळी वयात आलेली अळी खाण्याच्या शोधात नसतेच. ती चुडाच्या बुडाशी, जमिनीलगतच्या आणि मातीखालच्या पेरात उतरते, भोवती पातळ रेशमी पडदा विणते आणि उन्हाळाभर तेथेच सुप्तावस्थेत पडून राहते. तिच्या डोक्यावर वाल आहे की पडीक जमीन आहे, याच्याशी तिला देणेघेणे नसते. पहिल्या पावसाची ओल लागली की ती कोष करते आणि रोपवाटिका हिरवी होत असतानाच पतंग बाहेर येतात. धसकटे उभी ठेवून त्यांच्यामध्ये वाल टोकला, तर फेरपालट कागदावर होते आणि कीड शेतात राहते.

मुरबाड तालुक्यातील एका शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. त्यांची तीन खाचरे मिळून एक एकर जमीन आहे आणि ते न चुकता वाल घेतात. तरीही दर हंगामात पांढऱ्या लोंब्या दिसत आणि दर हंगामात दुकानदार त्यांना दाणेदार कीटकनाशकाच्या पिशव्या देई; एका वर्षी तर त्याने ‘जमीन सुधारक’ म्हणून एक काळी बाटलीही गळ्यात मारली. मी माघात त्यांच्या वालात गेलो, तेव्हा ओळींमध्ये भाताची धसकटे वीतभर उभी होती. आम्ही खाचरात तिरके चालत वीस चूड मुळासकट उपटले आणि कोयत्याने बुडापर्यंत उभे चिरले. त्यांत चार जिवंत अळ्या निघाल्या.

चार हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून त्याचा हिशेब त्यांच्या समोरच मांडला. त्यांची लावणी २० बाय १५ सेंटिमीटरवर होती, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये साधारण ३३ चूड बसतात. पाच चुडांमागे एक अळी धरली तर चौरस मीटरला सहा ते सात अळ्या होतात आणि एका गुंठ्यात साडेसहाशेच्या वर जातात. त्यांतल्या निम्म्या उन्हाने आणि पक्ष्यांनी संपल्या असे मानले, तरी एका गुंठ्यातून तीनशेहून अधिक पतंग उडतील. खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते, त्यावर पिवळसर लव पसरते आणि एका पुंजक्यात पन्नासहून अधिक अंडी सहज असतात. दुकानातून आणलेली पिशवी या गर्दीपुढे उशिरा पोहोचते, कारण लोंबी पांढरी दिसते तेव्हा अळी खोडाच्या आत बसून आपले काम आटोपत आलेली असते. त्या वेळी टाकलेले दाणे पुढच्या लोंब्या वाचवत नाहीत, केवळ दुकानदाराचा माल खपवतात.

पुढच्या वर्षी त्यांनी बारा गुंठ्यांच्या एकाच खाचरात धसकटांचा बंदोबस्त केला आणि बाकीची दोन खाचरे जुन्या पद्धतीनेच ठेवली. फरक खाचराच्या मधल्या भागात स्पष्ट दिसला, कडेला मात्र पांढऱ्या लोंब्या राहिल्या. शेजारच्या बांधापलीकडे धसकटे उभी होती आणि पतंगाला बांध अडवत नाही. एकट्याने केलेल्या कामाला ही मर्यादा राहणारच.

आता प्रत्यक्ष काम पाहू. कापणी विळा जमिनीला टेकवूनच करावी. अर्धी वीत उंच कापले की हात लवकर चालतो हे खरे, पण तेवढ्या नळीत अळीला उतरायला भरपूर जागा मिळते. बुडाशी कापल्यास काही अळ्या पेंढ्याबरोबर बाहेर जातात आणि वाळणाऱ्या उडवीत मरतात. भारे उचलल्यानंतर वाफसा येताच पॉवर टिलरने किंवा नांगराने चार-पाच इंच खोल नांगरट करावी, जेणेकरून चूड मुळासकट उलटेल. रोटाव्हेटरचा एकच उथळ फेर मारणे मला पटत नाही, कारण वरची नळी तुटते आणि अळी ज्या बुडात बसली आहे ते बूड तसेच राहते. वाफसा ओळखण्यासाठी मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन तो कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर नांगर घालावा. तो चिकटून राहिला तर एक दिवस थांबावे आणि गोळा होतच नसेल तर ओल द्यावी लागेल.

नांगरट सकाळी करावी, वर आलेली धसकटे त्याच दिवशी दाताळ्याने बांधावर ओढावी, दुसऱ्या दिवसाची दुपार उघड्या मातीला द्यावी आणि संध्याकाळी फळी फिरवून ओल दाबावी. याहून जास्त दिवस जमीन उघडी ठेवली तर अळ्या मरतील, पण वालही उगवणार नाही. टिलरमागे बगळे आणि साळुंक्या किती जमतात, याकडे मी अनेक वर्षे लक्ष देत आलो आहे. जेथे पक्षी मागे लागतात त्या खाचरात पुढच्या वर्षी रोपांवर अधिक लक्ष ठेवावे, असा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. तो पुस्तकात सापडणार नाही.

काही जण विचारतात की धसकटे हे जमिनीचे सेंद्रिय कर्ब आहे, मग ते काढायचे कशाला. प्रश्न रास्त आहे. अपाय धसकटाच्या असण्याने होत नाही, ते अखंड आणि उभे राहण्याने होतो. बांधावर ओढलेल्या धसकटांचा राब करून जाळले तर कीड मरते, पण कर्ब धुरात जातो. त्याऐवजी खड्ड्यात किंवा ढिगात शेणकाल्याबरोबर थर देऊन ओलसर ठेवावे. ढीग नीट तापला की अळ्या त्यातच संपतात आणि पावसाळ्यापूर्वी ते खत त्याच खाचरात परत जाते. जी बुडे मातीत राहून कुजतात ती कुजताना सुरुवातीला जमिनीतला नत्र ओढून घेतात, म्हणून वालासारखे नत्र बांधणारे पीक असले तरी पेरताना थोडे नत्र देण्याची शिफारस आहे आणि ती टाळू नये.

वालाची नेहमीची कामे, एका एकरासाठी :

- बियाणे : सुमारे २५ किलो, कडवा स्थानिक वाल किंवा विद्यापीठाची शिफारस केलेली जात
- अंतर : ३० बाय १५ सेंटिमीटर
- बीजप्रक्रिया : आधी ट्रायकोडर्मा, किलोला ५ ग्रॅम, नंतर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सावलीत सुकवणे
- खत : १० किलो नत्र, २० किलो स्फुरद, पेरणीवेळी
- एक खुरपणी
- मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क

वालाच्या काढणीत मात्र एक चूक सर्रास होते. झाडे मुळासकट उपटून खळ्यावर नेली जातात, मग मुळांवरच्या गाठी आणि मुळांचा कर्ब दोन्ही खळ्यावर झडतात आणि खाचरात माती उघडी पडते. झाड विळ्याने कापावे, मूळ जमिनीतच राहू द्यावे. गळलेला पाला झाडून नेऊ नये. भुसा गुरांना गेला तर त्याचे शेण तरी त्याच शेतात यावे.

हिरवळीच्या खतासाठी तागाचे आणि धैंच्याचे बियाणे दुकानात पुढे केले जाते. आपल्या भागात पावसाची सुरुवात आणि लावणी यांत जेमतेम चार आठवडे असतात, तर धैंचा गाडण्याजोगा होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. मे महिन्यात विहिरीचे पाणी देता येत असेल तरच तो खर्च करावा. इतरांनी बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा कोवळा पाला लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात गाडला की लवकर कुजतो आणि बियाण्याला पैसा लागत नाही.

भातसा कालव्याच्या पाण्यावर भातामागून पुन्हा उन्हाळी भात घेणाऱ्यांना वेगळी सूचना आहे. तेथे अळीला सुप्त राहण्याची गरजच उरत नाही, तिला उन्हाळ्यात एक जादा पिढी मिळते आणि खरिपातील रोपांवर मोठी झुंड उतरते. निदान तीन वर्षांतून एकदा तरी उन्हाळी भात सोडून त्या खाचरात भाजीपाला किंवा कडधान्य घ्यावे. त्या वर्षी धसकटे नांगरून कालव्याचे पाणी काही दिवस उभे ठेवता आले तर उरलेल्या अळ्या गुदमरून मरतात. गादीवाफ्यावर बिननांगरटीचे भात करणाऱ्यांनी बुडाशी कापणी आणि त्यानंतर धसकटांना फुटणारे नवे फुटवे मारणे, या दोन गोष्टी काटेकोरपणे कराव्यात, कारण ओलाव्यावर हिरवे राहिलेले फुटवे खोडकिड्याप्रमाणेच गादमाशीलाही आसरा देतात.

औषधाची वेळ येणारच नाही असे मी म्हणत नाही. लावणीनंतर शंभरांत पाच फुटव्यांची पोंगेमर दिसली किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज आढळला, तर क्लोरँट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी ४ किलो, शेतात थोडे पाणी बांधून टाकावे. या मर्यादेच्या आत असताना केवळ शेजाऱ्याने टाकले म्हणून टाकू नये. त्याआधी लावणीच्या दिवशी रोपांच्या जुड्यांचे शेंडे खुडून जाळावेत, कारण अंडीपुंज तेथेच असतात आणि या कामाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच जणांनी मिळून एकच टिलर दोन दिवस भाड्याने घ्यावा आणि सलग खाचरे एका दमात उलटून टाकावीत. टिलरवाला या दिवसांत मिळत नाही, त्यामुळे कापणीची मजुरी ठरवतानाच त्याचाही दिवस ठरवून घ्यावा.