काळ्या मसाल्याचं पार्सल परदेशी पाठवताय? लेबल लिहिताना या चुका टाळा

आमच्याकडे जळगाव, भुसावळ, धुळ्यात ज्याचं पोरगं बाहेरच्या देशात गेलंय त्या घरातून वर्षाला एकदा तरी पार्सल जातंच, आणि त्यात काळा मसाला नसेल तर ते पार्सल कसलं. मी लोकांचे फॉर्म भरून देतो म्हणून सांगतो, पॅकिंगपेक्षा घोळ भाषांतरात जास्त होतो.

शेजारच्या काकूंचं बघा. मुलगा जर्मनीत. कॉम्प्युटरवाल्या पोराकडून त्यांनी कस्टम्स डिक्लरेशन भरून घेतलं, त्याने काळ्या मसाल्याचं शब्दशः इंग्रजी केलं, ब्लॅक पावडर. आता इंग्रजीत ब्लॅक पावडर म्हणजे बंदुकीची दारू! पार्सल अडकलं, ट्रॅकिंग आठवडाभर एकाच जागी, आणि काकू माझ्याकडे येऊन म्हणे, "भाऊ, मसाला शे, बारूद नही!"

तर मसाला लिहायचा कसा? वस्तू काय, कशापासून केलीय, कशाला वापरतात, एवढं त्या ओळीतून कळलं पाहिजे. काळ्या मसाल्याला मी लिहितो 'ग्राउंड मिक्स्ड स्पाइसेस फॉर कुकिंग, चिली, कोरिअँडर, ड्राय कोकोनट', अर्थात इंग्रजी लिपीत, आणि एचएस कोडच्या, म्हणजे कस्टमच्या वस्तू-नंबरच्या रकान्यात 0910.91, तो मसाल्यांच्या मिश्रणाचा. बिबड्यांना नुसतं 'बिबडी' लिहिलं तर तिकडच्या माणसाने काय समजायचं, म्हणून 'सन-ड्राइड सोरघम क्रॅकर्स'. नाव मराठीत ठेवायचंच असेल तर पुढे इंग्रजी हवंच, कारण फॉर्म इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा त्या देशात चालणाऱ्या भाषेत भरायचा असतो. आणि मसाल्यात खसखस असेल तर दुबईला तो मसाला पाठवूच नका, तिकडे खसखशीवर बंदी आहे, नाव बदलून लिहिलं म्हणून ती काही दुसरी होत नाही.

याच्या उलटी चूक म्हणजे फारच मोघम लिहिणं. 'फूड आयटम', 'होममेड थिंग्ज', 'गिफ्ट'. गिफ्ट हा पार्सलचा प्रकार झाला, त्याच्या चौकटीत टिक करायची, वस्तूच्या रकान्यात वस्तूच लिहायची. तुपातल्या लाडवाला 'स्वीट्स' म्हणून झाकणारे पण आहेत, पण युरोपात घरगुती पार्सलमधून दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे ते लाडू डब्यातून काढायचेच.

आकड्यांत पण असाच घोळ. काकूंचा बॉक्स ३.९ किलो भरला, आणि पोराने तेच वजन तिन्ही वस्तूंपुढे लिहिलं! वस्तूपुढे निव्वळ वजन पाहिजे: मसाला १ किलो, बिबड्या १.२, उडीद पापड १, म्हणजे झाले ३.२, बाकीचं खोकं आणि डबे, ते फक्त एकूण वजनात. किंमत नुसती २००० लिहिली होती, चलनच नाही, तिकडच्या माणसाने युरो समजले तर? खरं तर एका घरातून दुसऱ्या घरी जाणारं गिफ्ट ४५ युरोपर्यंत तिकडे कस्टम ड्युटीतून सुटतं, आणि हे त्याच्या आतच होतं, फक्त रुपयांचं आयएनआर लिहायचं राहिलं. घरचंच आहे म्हणून शून्य पण टाकू नका, बाजारात जेवढ्याला मिळतं तेवढी किंमत लिहा.

पत्त्याचं भाषांतर करू नका, मुलाने पाठवलाय तसाच उतरवा. जर्मनीत घर नंबर रस्त्याच्या नावानंतर येतो आणि पिनकोड शहराच्या आधी, आपल्या सवयीने फिरवायचा नाही. पोरगं दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहत असेल तर टपालपेटीवर ज्याचं नाव आहे ते पण 'सी/ओ' लावून लिहा.

आता बॉक्सवरच्या खुणा. 'उलटं ठेवू नका'चं इंग्रजी करत बसू नका, दोन उभे बाण काढा, फुटणाऱ्या वस्तूला पेला, ओलं नको तर छत्री, ही चित्रं जगभर चालतात. पण डब्यात फुटणारं काही नसताना पेला काढू नका, फॉर्म एक सांगतो आणि खोकं दुसरं असं नको. सगळ्यात मोठी गडबड जुन्या खोक्याची. काकूंचं खोकं मोबाईलच्या दुकानातून आणलेलं, त्यावर लाल किनारीचं लिथियम बॅटरीचं लेबल तसंच! औषध फवारणीच्या खोक्यांवर पण असल्या चौकोनी खुणा असतात, त्या काळ्या पेनाने खोडून भागत नाही, पूर्ण झाकून टाका नाहीतर खोकंच बदला.

पार्सल अडकलंच, तर तिकडे मुलाला कस्टमकडून पत्र येतं. त्याला वस्तूंची बरोबर यादी, वजन आणि किंमत, तीच, फॉर्मच्या क्रमाने, मेलवर पाठवा, दाखवायला विकतच्या पापडाचं बिल असेल तर ते पण. काकूंनी आता फॉर्मची एक झेरॉक्स मसाल्याच्या बरणीखालीच ठेवलीय.