सकाळचा फोटो, संध्याकाळचा फोटो: गाल गेले म्हणण्याआधी या चुका टाळा

राजारामपुरीतल्या एका जिममध्ये मी लोकांची वजनं आणि फोटो नोंदवून ठेवतो. दर महिन्याला कुणीतरी मोबाईल पुढे करतं, "सर, चेहरा बारीक झाला बघा." मी आधी विचारतो, दोन्ही फोटो किती वाजताचे?

सगळ्यात मोठी चूक हीच, वेगवेगळ्या वेळचे फोटो शेजारी ठेवणं. गेल्या हिवाळ्यात लग्न ठरलेला एक मुलगा आला. पहिला फोटो सोमवारी सकाळी साडेसहाचा. आदल्या रात्री पाहुण्यांकडे तांबडा-पांढरा रस्सा, झोप साडेबाराला. दुसरा फोटो आठ दिवसांनी, संध्याकाळी सहाचा. गाल आत गेलेले, जबड्याची कड दिसायला लागलेली. वजन, तेही दोन्ही वेळा सकाळीच केलेलं, दीड किलो कमी. भात-भाकरी त्यानं बंद केली होती, आता हुरूप येऊन पाणीही निम्म्यावर आणलं होतं.

मी त्याला एकाच दिवसात चार फोटो काढायला लावले: उठल्याउठल्या, दहाला, दोनला आणि सहाला. सकाळ-संध्याकाळचा फरक जवळजवळ आठ दिवसांच्या फरकाएवढाच निघाला. रात्रभर आडवं पडल्यावर पाणी चेहऱ्याकडे साठतं, मिठाचं जेवण ते धरून ठेवतं. दिवसभर उभं राहिल्यावर ते खाली उतरतं. वजनाचा हिशोबही बसत नव्हता. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. आठ दिवसांत दीड किलो चरबी जायला रोज चौदाशेच्या वर तूट लागते, तेवढं कमी तो खात नव्हता. भात-भाकरी सोडल्यावर शरीरातला साखरेचा साठा आटतो आणि दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत नेतो. त्याचं बरंचसं वजन तिथं गेलं होतं. पाणी मात्र त्याला मी त्याच दिवशी पूर्ववत प्यायला लावलं. तहान मारून चरबी जात नाही.

माझी सवय सांगतो. उठल्यावर तासाभराने, नाष्ट्याआधी फोटो. सलग तीन दिवस काढायचे आणि मधल्यासारखा दिसणारा ठेवायचा. पुढची तुलना चार आठवड्यांनी. आठवड्याला निकाल मागणाऱ्यांना मी फोटो दाखवतच नाही. आधी एका दिवसातला स्वतःचा फरक बघून ठेवा, त्याहून मोठा बदल दिसला तरच तो धरा. पापण्या आणि डोळ्यांखालचा भाग तासातासाला बदलतो, ते पाणी. डोळे तसेच राहून हनुवटीखालचा भाग महिनाभरात कमी झाला आणि पोटावरची टेपही कमी दाखवत असेल, तर तो खरा फरक.

हात लांब करून सेल्फी नको. जवळून नाक मोठं आणि चेहरा अरुंद दिसतो. मोबाईल दीड मीटरवर टेकवून टायमर लावा. डोक्यावरच्या ट्यूबलाईटखालीही नको, गालाखाली सावली पडते.

फोटोची वेळ मूळ फाईलमध्येच बघा, व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो ती गमावतो.

रोज सकाळी पापण्या सुजतात, लघवीला फेस येतो किंवा पायावर अंगठा दाबल्यावर खळगा राहतो, असं असेल तर फोटो बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जाऊन लघवी, रक्तदाब तपासून घ्या.