बाळाच्या झोपेवरून आई-बाबांचं जमत नसेल, तर एकच बेत कसा ठरवावा

राजारामपुरीतलं एक घर समजा. बाळ नऊ महिन्यांचं, वजन नीट वाढतंय. बाबांची शिरोलीत सकाळची शिफ्ट, त्यामुळे ते म्हणतात, "थोडं रडू दे, झोपेल आपोआप." आईला ते रडणं ऐकवत नाही. मग सोमवारी बाबांचं चालतं, मंगळवारी आईचं, आणि बुधवारी वीस मिनिटं रडल्यावर कुणीतरी उचलून घेतं. बाळाला त्यातून कळतं ते इतकंच की वीस मिनिटं नेटानं रडलं की उचलतात. कुठल्याही एका पद्धतीपेक्षा ही धरसोड जास्त रडवते.

आधी पाच-सहा रात्री नुसती नोंद करा: कितीला झोपलं, कसं झोपलं, कितीला उठलं, मग काय केलं. या घरात दिसलं की बाळ दूध पीत झोपतं आणि रात्री चारदा उठून तेच मागतं. बाबांना दोनच वेळा माहीत होत्या.

मग दिवसा, चहाच्या वेळी बसा. पद्धतीचं नाव न काढता एकमेकांची नेमकी भीती विचारा. आईला वाटत होतं, बाळ भुकेनं रडत असेल. बाबांना पहाटे मोटारसायकलवर डुलकी लागायची धास्ती होती. भुकेचा प्रश्न बालरोगतज्ज्ञांना विचारून सुटतो. इथे रात्री एकच्या सुमाराचं एक दूध ठेवायचं ठरलं.

पद्धत निवडताना जो जास्त हळवा, त्याला निभावेल तीच घ्या, कारण बेत मोडतो तो त्याच्याच हातून. इथे दोघांनी खुर्चीची पद्धत घेतली. दूध झोपायच्या अर्धा तास आधी, दिवा मंद, बाळ पेंगुळलेलं पण जागं असतानाच पाळण्यात. झोका द्यायचा नाही. शेजारी खुर्चीत बसून थोपटायचं, हळू बोलायचं, उचलायचं नाही. दर तीन रात्रींनी खुर्ची थोडी दाराकडे.

बेत कागदावर लिहा: कोणत्या रात्री कोण उठणार, आणि थांबायचं कधी. ताप, उलटी, श्वासाचा त्रास किंवा नेहमीपेक्षा वेगळं रडणं असेल, तर त्या रात्री बेत बंद. बाकी बदल दहा रात्रींनंतर आणि दिवसाच. पाळण्याजवळ वाद नको.

आजींना आधीच सांगा. नाहीतर दुसऱ्या रात्री "लेकराला असं रडवताय व्हय?" म्हणत त्या दारात उभ्या राहतील. शक्य असेल तर त्यांना संध्याकाळच्या मालिशीचं काम द्या.

सुरुवातीच्या काही रात्रींत रडणं आधी वाढू शकतं. घरं इथेच माघार घेतात. नोंदवही पाहा: झोपायला लागणारा वेळ आठवड्याभरात कमी होतोय का? दोन आठवड्यांनीही फरक नसेल, किंवा बाळ घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळावर यातलं काही करू नका.